नवी दुचाकी पासिंग करताना: आधी मोबाइल नंबर बघा, मग पेढे आणा

गाडी कोणती घ्यायची ते ठरलं आहे, आधार, पॅन, फोटो आणि पत्त्याचा पुरावा खिशात आहे, असं धरून चालतो. दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी दारात हवी असेल तर पैसे आठ-दहा दिवस आधी भरा. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पैसे भरून नंबरासाठी विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही. आवडीचा नंबर हवा असेल तर तेही आधीच सांगा, कारण नंबर एकदा पडला की बदलत नाही.

पूर्ण तयार अवस्थेत येणारी दुचाकी आता आरटीओत न्यावी लागत नाही. विक्रेताच सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर अर्ज भरतो. अर्ज म्हणजे फॉर्म २०, विक्रीचा दाखला फॉर्म २१ आणि कंपनीचा रस्तायोग्यतेचा दाखला फॉर्म २२. सोबत बिल आणि विमा. विम्यात तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टीचा, भाग पाच वर्षांचा असावा लागतो. कर्ज असेल तर बँकेचीही सही लागते. ही जुळवाजुळव विक्रेत्याची, तुम्ही फक्त सह्या करा. पण कोऱ्या फॉर्मवर नाही.

माझी फसगत झाली ती इथेच. पहिल्या गाडीच्या वेळी अर्ज न बघता सही केली आणि पेढे वाटले. तीन वर्षांनी कर्ज फिटलं, बँकेची एनओसी आली, म्हणून आरसीवरचा बोजा उतरवायला बसलो. ओटीपी काही येईना. नोंदीत मोबाइल नंबर होता शोरूममधल्या एका पोराचा, आणि तो नोकरी सोडून कधीच गेला होता. शोरूमवाले म्हणाले, “साहेब, घाईत सगळ्यांचाच असा टाकतो.” मोबाइल बदलून घेण्यात आणि बोजा उतरवण्यात माझे चार हेलपाटे झाले.

तेव्हापासून माझा नियम एकच: अर्ज पोर्टलवर चढवण्याआधी मी काउंटरवर उभा राहून पडद्यावरची माहिती वाचतो. कंटाळलेला माणूस “होईल हो सगळं” म्हणतो. म्हणू द्या. मोबाइल नंबर आपलाच आहे ना, नावाचं स्पेलिंग आधारसारखंच आहे ना, पत्त्यात घर क्रमांक आणि पिनकोड आहे ना, ते बघा. आरसीचं कार्ड पोस्टाने येतं, आणि अर्धवट पत्त्यावरचं पाकीट परत जातं. मग गाडीजवळ जाऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकसारख्या दहा गाड्या उभ्या असतात, बिल एकीचं आणि चावी दुसरीची असं होऊ शकतं. शेवटी सरकारी पावती मागा. नोंदणीचं शुल्क ३०० रुपये आणि कर त्यावर वेगळे दिसतात. त्या पावतीवर नसलेलं जे काही मागतील ते कशाचं हे विचारायला लाजू नका.

तात्पुरत्या नंबराबद्दल उगाच घोळ घातला जातो. पुण्यात गाडी घेऊन साताऱ्यात नोंदवायची असेल तर त्याची गरज नाही, राज्यातलं राज्यात कायमचाच नंबर मिळतो. गरज पडते ती कोल्हापुरात गाडी घेऊन बेळगावला नोंदवणाऱ्याला. पिवळ्या कागदावर लाल अक्षरांत येणारा हा नंबर मुदतीचा असतो, तोवर घरच्या राज्यात कायमची नोंदणी झाली पाहिजे. कायमचा नंबर पडल्यावर प्लेट कोण बसवणार, हे अशा वेळी पैसे भरतानाच लिहून घ्या. आणि कागदाच्या तुकड्यावर ‘नंबर यायचाय’ लिहिणं म्हणजे तात्पुरता नंबर नव्हे. काही ना काही नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ताब्यात द्यायचीच नसते.

आता प्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट विक्रेत्यानेच बसवायची असते. ती पिशवीत घालून हातात दिली, “तुमच्या मेकॅनिककडून लावून घ्या” म्हणाले, तर घेऊ नका. मागची प्लेट स्नॅप लॉकने बसते आणि हे लॉक एकदा दाबलं की मोडल्याशिवाय निघत नाही. साध्या नटबोल्टने बसवली तर कोणीही पान्याने काढून नेईल, मग सुरक्षा कसली? लॉक दाबण्याआधीच नंबर पावतीशी जुळवा, कारण एका आकड्याची चूक नंतर कळली तर लॉक तोडावं लागतं. डावीकडे वर अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्यात IND आणि तळाशी लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक दिसला पाहिजे. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा हा क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही सारखे नाहीत म्हणून घाबरू नका. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. प्लेट चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार देताना उपयोगी पडतात.

वर स्टीलची फ्रेम चढवू नका, ती नेमका हा कोरीव क्रमांक झाकते. कार्ड पोस्टाने येईपर्यंत डिजिलॉकरमधली आरसी दाखवली तरी चालते.