साबणाच्या वर्णनातलं एक क्रियापद महागात पडतं: या चुका टाळा

घरगुती साबण, उटणी, तेलं ऑनलाइन विकणाऱ्यांची वर्णनं मी तपासून देते. माणसं दरवेळी नवी, चूक तीच. ती असते क्रियापदात: 'बरे करते', 'घालवते', 'मुळापासून नष्ट करते'.

एका ताईंच्या कडुनिंब-हळद साबणाच्या पानावर लिहिलं होतं, 'इसबावर रामबाण'. मी विचारलं, "ताई, कशावरून?" त्या म्हणाल्या, "अहो, आयुर्वेदात कडुनिंबाचे गुण सांगितलेत की!" सांगितलेत, पण कडुनिंबाचे, तुमच्या वडीचे नाहीत. कॉस्टिक सोड्याशी अभिक्रिया होऊन तेलाचा साबण बनतो, त्यात कडुनिंबाचं किती काय उरलं हे कुणी तपासलेलं नसतं. वडीचा फेस अंगावर टिकतो अर्धा मिनिट. शिवाय असा साबण अल्कधर्मी असतो, इसबाची कातडी तो आणखी कोरडी करतो. ताईंनी ओळ तशीच ठेवली. एका गिऱ्हाइकाने ती वाचून डॉक्टरांचं मलम बंद केलं. तीन आठवड्यांनी भेगा पडून रक्त आलेल्या बोटांचा फोटो रिव्ह्यूमध्ये आला आणि विक्रीच्या साइटने पानच उतरवलं. पान गेल्यापेक्षा ती बोटं मला जास्त लागली.

कायद्याचं गणितही सरळ आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार स्वच्छ करणं, सुंदर दिसायला मदत करणं हे प्रसाधनाचं काम. रोगावर उपचार किंवा प्रतिबंध हे औषधाचं. 'इसब बरा करतो' म्हटलं की तुम्ही साबणाला औषध ठरवता, आणि तुमच्याकडे औषधाचा परवाना नसतो. 'कोड जातो' तर कधीच लिहू नका. औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत कोड आहे.

माझी सवय अशी: प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, हे मी दाखवू शकते का? ताईंचं पान मग असं झालं: 'खोबरेल आणि कडुनिंब तेलाचा साबण, हळद घातलेली, वजन १०० ग्रॅम. कडुनिंबाचा उग्र वास येतो. त्वचेचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून वापरा.' वाचणाऱ्याला यातून वस्तू कळते. "पण असं लिहून खपत नाही," असं नवखे लगेच म्हणतात. आठवडाभरही थांबायची तयारी नसते आणि शेजारच्या पानावरून 'रामबाण' उचललेला असतो. तो शेजारी कायदेशीर आहे हे कुणी सांगितलं?

रिव्ह्यूचा आडमार्ग तर मला मुळीच पटत नाही. 'माझे मुरूम आठ दिवसांत गेले' हे गिऱ्हाइकाने लिहिलं, ते त्याचं. तुम्ही ते बॅनरवर लावलंत की दावा तुमचा झाला.

'केमिकल फ्री' लिहू नका, पाणीसुद्धा रसायनच आहे.

'साइड इफेक्ट नाहीत' हेही नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर चट्टे उठतात, आणि लिंबू तर अस्सल नैसर्गिक. त्याऐवजी लिहा: 'कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. खाज, लाली आली तर वापरू नका.'