गव्हाचा तांबेरा: धसकटं जाळून तो का थांबत नाही?

गव्हावर काळा तांबेरा आला की काढणीनंतर धसकटं जाळायची, पुढच्या वर्षी बियाण्याला औषध चोळायचं, आणि तरीही रोग आला की बियाणं विकणाऱ्याला दोष द्यायचा. या तिन्ही गोष्टी चुकीच्या ठिकाणी केलेली मेहनत आहे. तांबेरा बियाण्यातून येत नाही, आणि आपल्याकडे धसकटांतूनही नाही.

या बुरशीचे बीजाणू पाच प्रकारचे. खोडावरच्या विटकरी फोडांतून उडते ती लाल पूड हा एक प्रकार. ती पुन्हा गव्हालाच लागते आणि साधारण आठ ते चौदा दिवसांत नवे फोड आणते. पीक पिकू लागलं की त्याच फोडांत काळे, दोन कप्प्यांचे बीजाणू तयार होतात. ते गव्हाला लागतच नाहीत. ते रुजले की नाजूक, पातळ भिंतीचे बीजाणू सोडतात आणि त्यांना दारुहळदीच्या कुळातलं झुडूप लागतं. उरलेले दोन प्रकार त्याच झुडपाच्या पानांवर होतात; त्यांतला शेवटचा गव्हावर परततो. अमेरिकेत 1918 पासून ही झुडपं उपटण्याची मोहीम झाली, ती याच कारणाने.

भारतात मात्र हे चक्र पूर्ण होण्याची गरजच नसते. आग्र्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवलं की मैदानातला उन्हाळा लाल बीजाणूंना मारतो, पण दक्षिणेतल्या निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत आपोआप उगवलेल्या व अवेळी पेरलेल्या गव्हावर ते तग धरतात. म्हणून झुडपं शोधत फिरू नका.

नाजूक बीजाणू जवळपासच मरतात. लाल बीजाणूची भिंत जाड आणि रंगीत असते, त्यामुळे तो उन्हात शेकडो किलोमीटर टिकतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झालं की वारा त्यांना मध्य भारतावर आणतो आणि पाऊस खाली उतरवतो. वारा नुसता वरून गेला तर फारसं बिघडत नाही; पाऊस हवाच.

म्हणून तारीख मोजा. समजा 25 नोव्हेंबरला असा पाऊस पडला आणि नंतर रात्री दव पडून पानं सहा-आठ तास ओली राहिली. मग 5 डिसेंबरपासून दर चार दिवसांनी शेताच्या आतल्या भागात शिरून खोड, पानाचा देठाकडचा वेढा आणि पान पाहा. बोट फिरवल्यावर विटकरी पूड लागली तर तांबेरा. डाग पिवळा असून बोट स्वच्छ राहिलं, तर नत्राची कमतरता किंवा दुसरा रोग.

पूड दिसताच प्रोपिकोनॅझोल 25 ईसी, लिटरला 1 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. खोडाचा खालचा भागही भिजला पाहिजे. फोड काळे पडल्यावर फवारणं म्हणजे पैसे ओतणं, कारण तोवर नुकसान झालेलं असतं. उशिरा पेरलेल्या गव्हाची जास्त काळजी घ्या: दाणा भरताना वाढलेली उष्णता काळ्या तांबेऱ्याला मानवते.