बेकरीचा गिव्हअवे: नियम, कॅप्शन आणि विजेत्याची निवड आधीच कशी ठरवावी

छोट्या बेकरीच्या गिव्हअवेवर कुणी चिडलं, तर त्यामागे सहसा केक हुकल्याचं दुःख नसतं. "यांनी ओळखीतल्याच कुणाला तरी दिला" हा संशय असतो. आणि हा संशय निकालानंतर कितीही खुलासे दिले तरी जात नाही. तो टाळायचा असेल तर पोस्ट टाकण्याआधीच दोन गोष्टी पक्क्या हव्यात: भाग कोण घेऊ शकतं, आणि विजेता नेमका कसा निघणार.

मुलुंडमधली एक छोटी बेकरी धरून चालू. नाताळसाठी इन्स्टाग्रामवर एक किलोचा प्लम केक द्यायचा आहे.

बक्षीस पूर्ण लिहा

"एक मस्त केक जिंका" एवढंच लिहिलं तर प्रत्येकाच्या मनात वेगळा केक असतो. प्लम केकच्या बाबतीत तर लोक चार गोष्टी हमखास विचारतात: अंडं आहे का, रम आहे का, सुकामेवा कोणता, आणि घरपोच मिळणार का. म्हणून सरळ लिहावं: एक किलो प्लम केक, अंड्याशिवाय, रम नाही, फळं संत्र्याच्या रसात भिजवलेली, आत अक्रोड आणि काजू, दुकानातून घेऊन जायचा. सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्याला ही माहिती जिंकल्यावर कळून उपयोग नाही. केकऐवजी रोख रक्कम किंवा दुसरा पदार्थ मिळणार नाही, हेही इथेच सांगून टाकावं.

जी अट तपासता येते तीच ठेवा

"स्टोरीला शेअर करा" ही अट सगळे घालतात. पण ज्याचं अकाउंट प्रायव्हेट आहे त्याची स्टोरी तुम्हाला दिसतच नाही, आणि स्टोरी चोवीस तासांत जाते. म्हणजे अट पाळली की नाही हे तुम्हाला ठरवता येणार नाही. मग कुणाला तरी अंदाजाने बाद कराल किंवा कुणाचंच बघणार नाही. दोन्हीत अन्याय आहे. मित्रांना टॅग करायला लावणंही मला पटत नाही. लोक अनोळखी नावं टॅग करत सुटतात आणि त्या बिचाऱ्यांना विनाकारण नोटिफिकेशन जातात. तीच पोस्ट फेसबुकवरही टाकणार असाल तर तिथे स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करायला किंवा मित्रांना टॅग करायला लावून प्रवेश देणं नियमातच बसत नाही.

माझ्या मते दोन अटी पुरतात. अकाउंट फॉलो करायचं, आणि कमेंटमध्ये एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. एका अकाउंटची एकच एंट्री, दहा कमेंट केल्या तरी एकच. बेकरीत काम करणारे आणि मालकांच्या घरची मंडळी बाद. एका घरात एकच केक. वय अठरा पूर्ण.

खरेदीची अट मात्र अजिबात नको. "पाचशेचं बिल दाखवा आणि चिठ्ठी टाका" हे दुकानात सर्रास चालतं. पण लोकांकडून पैसे घ्यायचे आणि बक्षीस निव्वळ नशिबावर द्यायचं, याला लॉटरी म्हणतात, आणि राज्य सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरीची सोडत चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. शिवाय विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा आणि सोडती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांच्या व्याख्येत येतात. एका केकच्या मोफत भेटीपुरतं ठेवा आणि खरेदीशी जोडू नका. त्याहून मोठं काही द्यायचं मनात असेल तर कॅप्शन आधी वकिलाला दाखवा.

हद्द आणि वेळ

"फक्त मुंबईकरांसाठी" असं लिहिलं की ठाणे, विरार आणि पनवेलचे लोकही हक्काने येतात, आणि त्यांचं चुकत नाही. दुकानातून घेऊन जायचं असेल तर हद्द घालायची गरजच नाही. "मुलुंड पश्चिमेच्या दुकानात येऊन न्यावा लागेल" एवढं पुरे. घरपोच देणार असाल तर पिनकोड लिहा: ४०००८०, ४०००८१, ४०००७८. पिनकोडवर वाद होत नाही.

वेळेचंही तसंच. "रविवारी रात्री बारापर्यंत" म्हणजे शनिवार संपतानाचे बारा की रविवार संपतानाचे? "रविवार, १४ डिसेंबर, रात्री ११:५९" असं लिहा. त्या मिनिटाला फोन हातात हवा, कारण इन्स्टाग्राम जुन्या कमेंटवर "2h", "1d" असा ढोबळ वेळ दाखवतं. मुदत संपताच सगळ्या कमेंट खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. त्यात जे नाव नाही ते उशिराचं. इन्स्टाग्राम काही कमेंट आपोआप लपवतं. त्या लपलेल्या कमेंटही उघडून बघा, नाहीतर खरी एंट्री विनाकारण राहून जाईल.

विजेता काढायची पद्धत

इथे थोडं थांबून विचार करायला हवा. बहुतेक जण फिरणाऱ्या चाकाची वेबसाईट वापरतात आणि व्हिडिओ टाकतात. व्हिडिओत चाक एकदा फिरताना दिसतं. त्याआधी ते किती वेळा फिरवलं हे कुणाला दिसतं? गुगल शीट्समध्ये कुठलाही एक आकडा काढून देणाऱ्या `RANDBETWEEN` या सूत्राचीही तीच अडचण. शीटमध्ये कुठेही काही बदललं की आकडा बदलतो, म्हणजे मनासारखं नाव येईपर्यंत वाट बघता येते. तुम्ही तसं करणार नाही, पण केलं नाही हे दाखवायचं कसं?

तीस-चाळीस एंट्री असतील तर दुकानात लाइव्ह येऊन, सगळ्या चिठ्ठ्या कॅमेऱ्यासमोर मोजून, लहान मुलाकडून एक उचलून घ्यावी. एंट्री जास्त असतील तर आकडा अशा ठिकाणाहून घ्या, जो तुमच्या हातात नाही आणि सगळ्यांना दिसतो. मुंबईत तो कामकाजाच्या प्रत्येक दिवशी तयार होतो: बीएसई या शेअर बाजाराच्या सेन्सेक्सचा क्लोज, म्हणजे बाजार बंद होतानाचा आकडा. तो दोन दशांश स्थळांपर्यंत छापला जातो, आणि शेवटचे आकडे काय येतील हे आदल्या रात्री कुणीच सांगू शकत नाही.

आपल्या बेकरीचं उदाहरण घेऊ. पोस्टवर १६३ कमेंट आल्या. त्यातल्या १९ दुबार होत्या, ५ जणांनी नुसते इमोजी टाकले, २ कमेंट घरच्यांच्या होत्या. उरल्या १३७. ही नावं युजरनेमच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावायची, १ ते १३७ क्रमांक द्यायचे आणि सोमवारी रात्री यादी पोस्ट करायची. बाद झालेल्यांचं कारणही त्याखाली द्यायचं. कुणाचं नाव राहिलं असेल तर मंगळवारी दुपारी बारापर्यंत सांगायचं. त्यानंतर यादी गोठली.

मंगळवारी बाजार बंद झाल्यावर बीएसईच्या साईटवर संध्याकाळी सहा वाजता दिसणारा क्लोज घ्यायचा. समजा तो ८१,५२३.१६ आला. स्वल्पविराम आणि दशांश चिन्ह काढलं की ८१५२३१६. त्याला १३७ ने भागायचं, जी बाकी उरेल तिच्यात एक मिळवायचा:

```
=MOD(8152316,137)+1
```

उत्तर १३२. यादीतलं १३२ क्रमांकाचं नाव जिंकलं. एक यासाठी मिळवायचा की बाकी शून्यापासून सुरू होते आणि यादी एकपासून. हे गणित कुणीही घरी करून बघू शकतं, आणि यातच सगळा फायदा आहे.

दोन पथ्यं मात्र पाळायची. यादी क्लोज येण्याआधी जाहीर झालीच पाहिजे. आकडा माहीत झाल्यावर यादीत एक नाव जरी कमी केलं तरी विजेता बदलतो. आणि त्या दिवशी शेअर बाजाराला सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा क्लोज, हे आधीच लिहून ठेवायचं.

विजेत्याने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही तर यादीतला पुढचा क्रमांक. १३७ नंतर पुन्हा १.

कॅप्शन

फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं "more" खाली जातं. म्हणून बक्षीस, मुदत आणि केक कुठून घ्यायचा हे सर्वांत वर. असं लिहिता येईल:

> नाताळचा एक किलो प्लम केक एकाला मोफत. रविवार, १४ डिसेंबर, रात्री ११:५९ पर्यंत. केक मुलुंड पश्चिमेच्या दुकानातून न्यावा लागेल.
>
> केक अंड्याशिवाय, रम नाही. मैदा, दूध, अक्रोड, काजू आहेत. बदल्यात रोख नाही.
>
> भाग कसा घ्यायचा: आम्हाला फॉलो करा आणि कमेंटमध्ये सांगा, नाताळात तुमच्याकडे केकसोबत काय असतं? काही विकत घ्यायची गरज नाही. एका अकाउंटची एक एंट्री, एका घरात एकच केक, वय १८ पूर्ण. आमचे कर्मचारी आणि घरचे यात नाहीत.
>
> विजेता असा निघेल: सोमवारी रात्री क्रमांकित यादी टाकू. मंगळवार, १६ डिसेंबरचा सेन्सेक्सचा क्लोज (बीएसईच्या साईटवर संध्याकाळी ६ वाजता दिसणारा), चिन्हं काढून, एकूण एंट्रींनी भागून उरलेली बाकी अधिक एक. बाजाराला सुट्टी असेल तर पुढचा कामकाजाचा दिवस.
>
> विजेत्याने गुरुवार, १८ डिसेंबर, रात्री ८ पर्यंत उत्तर द्यावं, नाहीतर यादीतला पुढचा क्रमांक. केक २० ते २३ डिसेंबर दरम्यान न्यावा.
>
> आम्ही फक्त याच अकाउंटवरून बोलू. पैसे, ओटीपी किंवा लिंकवर क्लिक कधीच मागणार नाही.
>
> या गिव्हअवेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही, त्यांनी तो पुरस्कृत केलेला नाही. भाग घेणारे इन्स्टाग्रामला यातल्या सर्व जबाबदारीतून मुक्त करतात.

शेवटचा परिच्छेद शोभेचा नाही, इन्स्टाग्रामच्या प्रमोशनच्या नियमांत तो मागितलेला आहे. आणि त्याच्या आधीची ओळ तर अजिबात गाळू नका. गिव्हअवे लागला की तुमचाच लोगो लावून, नावात एखादं टिंब किंवा अंडरस्कोअर जास्त घालून खोटं अकाउंट उघडलं जातं आणि कमेंट करणाऱ्यांना मेसेज जातात: "तुम्ही जिंकलात, डिलिव्हरीचे ९९ रुपये या यूपीआयवर पाठवा." असं अकाउंट दिसलं की लगेच रिपोर्ट करा आणि स्क्रीनशॉट आपल्या स्टोरीला टाका, म्हणजे कुणाचे पैसे जाणार नाहीत.

पोस्ट टाकल्यावर नियम बदलू नका. तारखेसारखी खरीच चूक राहिली असेल तर जुनी ओळ तशीच ठेवून कॅप्शनच्या खाली तारीख टाकून "दुरुस्ती" लिहा, आणि ज्यांनी आधीच कमेंट केली त्यांचं नुकसान होईल असं काही त्यात नको.

निकाल

निकाल त्याच अकाउंटवर, पोस्ट म्हणून टाका. फक्त स्टोरीत टाकला तर दुसऱ्या दिवशी पुरावाच उरत नाही. मोफत भेटीची योजना संपल्यावर तिचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणं हेही २०१९ च्या त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणून मोजलं जातं. पोस्टमध्ये चार गोष्टी हव्यात: क्लोजचा स्क्रीनशॉट, भागाकार, यादीचा क्रमांक आणि विजेत्याचं युजरनेम. पत्ता आणि फोन नंबर मेसेजमध्येच राहू द्या. पुढच्या क्रमांकाकडे जावं लागलं तर तेही त्याच पोस्टखाली कमेंट करून पिन करा.