क्लास मध्येच सोडला? फी परत मागताना या चुका टाळा

लातूर-नांदेडला नीटच्या क्लाससाठी वर्षाची फी भरायची आणि दोन-तीन महिन्यांत मुलाला गावी परत आणायचं, अशी वेळ बऱ्याच घरांवर येते. पैसे अडकतात ते बहुतेकदा पहिल्याच चुकीमुळे : काउंटरवर तोंडी सांगून निघून येणं. लेखी अर्ज महिनाभराने दिला तर क्लास तो महिनाही शिकवल्याचा धरतो. म्हणून सोडायचं ठरलं त्याच दिवशी अर्ज द्या, प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

दुसरी चूक म्हणजे फॉर्मवरचं ‘फी परत मिळणार नाही’ हे वाक्य वाचून गप्प बसणं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच गेला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यायची असते. मुलगा क्लासच्याच होस्टेलवर राहत असेल तर होस्टेल आणि मेसची रक्कमही त्यात येते. या सूचना राज्यांसाठी आहेत, स्वतंत्र कायदा नाही. तरी अर्जात त्यांचा उल्लेख करा, मागणीला आधार मिळतो.

आता हिशेब. समजा दहा महिन्यांची फी १,२०,००० ठरली, सगळी भरली, १५ जूनला वर्ग सुरू झाले आणि १५ सप्टेंबरला अर्ज दिला. महिन्याला १२,००० प्रमाणे तीन महिन्यांचे ३६,००० गेले. ८४,००० परत यायला हवेत. इथेच एक अट आडवी येते. मूळ फी १,५०,००० दाखवून ‘स्कॉलरशिप’ म्हणून ३०,००० कमी केलेले असतात आणि ‘मध्येच सोडल्यास सवलत रद्द’ अशी ओळ फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. मग क्लास महिन्याला १५,००० धरतो, ४५,००० कापतो आणि ७५,००० देऊ करतो. ती ओळ तुमच्या सहीच्या फॉर्मवर नसेल तर ही कपात मान्य करू नका. पुस्तकांचा संच घेतला असेल आणि पावतीत त्याची वेगळी रक्कम असेल, तर तेवढी कपात रास्त आहे.

फी कर्जाच्या हप्त्यांवर भरली असेल तर मुलगा क्लासला जात नाही म्हणून हप्ते थांबवू नका. करार फायनान्स कंपनीशी असतो, सिबिल तुमचाच बिघडतो. अर्जाची प्रत त्या कंपनीलाही पाठवा आणि परतावा कर्जखात्यात जाणार की तुमच्या, हे लेखी विचारा.

कमी रक्कम घेऊन ‘संपूर्ण हिशेब मिळाला’ यावर सही केली की पुढचं भांडण फार अवघड होतं. सही करावीच लागली तर ‘अंशतः रक्कम मिळाली, उर्वरित मागणी कायम’ असं हाताने लिहूनच करा. मूळ पावती देण्याआधी झेरॉक्स काढा.

दहा दिवस उलटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.