‘बॉरो मी युअर पेन’ आणि इतर काही चुका टाळा

संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो. तिथे रोज कानावर पडणाऱ्या चुकांपैकी लेंड-बॉरोची गफलत मला सगळ्यात जास्त छळते. आपल्याकडे ‘उसने’ एकच, दिशा पुढचं क्रियापद सांगतं : उसने दे, उसने घे. इंग्रजीत देण्याचा शब्द निराळा, घेण्याचा निराळा. देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो करतो. ‘उसने’ म्हणजे बॉरो एवढंच घोकलेला माणूस बिनदिक्कत ‘प्लीज बॉरो मी युअर पेन’ म्हणतो.

पेनापुरतं ठीक आहे, हात पुढे केलेला दिसतो. मेलमध्ये हात दिसत नाही. माझा एक विद्यार्थी कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. चेन्नईच्या प्लँटला दोन टॉर्क रेंच हवे होते आणि याच्याकडे जास्तीचे पडलेले. मोठ्या मनाने याने लिहिलं, ‘वी कॅन बॉरो टू टॉर्क रेंचेस टिल फ्रायडे.’ म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत आम्ही देऊ शकतो. वाक्याचा अर्थ झाला, आम्ही घेऊ शकतो. तिकडून उत्तर आलं : सॉरी, आमच्याकडेच नाहीत. हा चिडला, ‘अहो, मी देतोय ना!’ आणि तेच वाक्य पुन्हा पाठवलं, या वेळी ठळक अक्षरांत. शेवटी दोघे फोनवर हिंदीत बोलले आणि रेंच कुरिअरने गेले. व्याकरणात त्या वाक्याला नाव ठेवायला जागा नाही, म्हणून कुठलाही स्पेलचेक ते पकडणार नाही. चुकला होता तो फक्त कर्ता.

म्हणून मी अर्थ पाठ करून घेत नाही. वाक्याचा कर्ता कोण ते बघा. वस्तू त्याच्या हातातून जात असेल तर लेंड, त्याच्या हातात येत असेल तर बॉरो. मग शेपूट तपासा : बॉरोला ‘फ्रॉम’ लागतो, लेंडला माणूस किंवा ‘टू’. ‘आय बॉरोड इट फ्रॉम हिम’, ‘ही लेंट इट टू मी’. बॉरोच्या लगेच पुढे ‘मी’ किंवा ‘यू’ दिसला की ते वाक्य मोडून पुन्हा लिहा. आणि भूतकाळ लेंट, ‘लेंडेड’ नव्हे. भाड्याने घेतलेल्या फ्लॅटला यातलं काहीच चालत नाही, तिथे रेंट.

से आणि टेलची गोष्ट वेगळी. ‘मला सांगितलं’ आणि ‘मला म्हणाला’, मराठीत ‘मला’ दोन्हीकडे बसतं, म्हणून ‘ही सेड मी’ सहज तोंडात येतं. त्यात शाळेत ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ करायची सवय लागलेली असते. ‘टू’ विसरला जातो, ‘टोल्ड’ तेवढं डोक्यात राहतं, मग ‘ही टोल्ड दॅट ही वॉज इल’. कोणाला टोल्ड? टेलच्या मागोमाग ऐकणारा माणूस हवा : ‘ही टोल्ड मी दॅट ही वॉज इल.’ माणूस सांगायचा नसेल तर ‘ही सेड दॅट ही वॉज इल’. मेल पाठवण्याआधी ‘टोल्ड दॅट’ शोधून बघायची सवय लावा, दहा सेकंदांचं काम आहे. अपवाद थोडेच : टेल अ लाय, टेल द ट्रुथ, टेल अ स्टोरी. तिथे माणूस नसला तरी चालतो. हुकूम किंवा सूचना असेल तर ‘शी टोल्ड मी टू वेट’. ‘सेड मी टू वेट’ अजिबात नाही.

उरले मेक आणि डू. इथे लोकांना पाच मिनिटांत नियम हवा असतो आणि ‘मेक म्हणजे बनवणे’ हा तयार मालही मिळतो. त्याने चहा होतो, पुढे गाडी अडते. चूक कोण ‘बनवतो’? तरी इंग्रजीत मेक अ मिस्टेक. ‘आय डिड अ मिस्टेक’ आपल्या ‘चूक केली’वरून येतं, कारण ‘करणे’ सगळीकडे धावून येतं. आधी नव्हतं ते नंतर अस्तित्वात आलं तर मेक, हा अंदाज त्यातल्या त्यात बरा : निर्णय, आवाज, वचन, चूक. काम उरकायचं असेल तर डू : होमवर्क, भांडी, व्यायाम. पण मेक द बेड म्हणजे अंथरूण नीट करणं, सुताराचं काम नव्हे. आणि कोणावर उपकार करायचे असतील तर डू अ फेवर, नुकसान करायचं असेल तरीही डू डॅमेज. असे शब्द जोडीनेच पाठ करावे लागतात. माझ्या वहीत मेकची आणि डूची दोन पानं समोरासमोर असतात, जोडी वाचनात भेटली की तिथे जाते. पंचवीस जोड्यांची छापील यादी एका रात्रीत घोकणारे परीक्षेत पास होतात आणि सोमवारी ऑफिसात ‘लेट अस डू अ डिसिजन’ म्हणतात.