क्लोराइड टायट्रेशनचा अहवाल: ‘मानवी चूक’ लिहून सुटू नका

सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढल्यावर अहवालात ‘त्रुटींची कारणे’ या मथळ्याखाली ‘मानवी चूक, ब्युरेट वाचण्यातील चूक’ एवढेच लिहिलेले असते. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. इथे प्रत्येक दर्शकाची स्वतःची चूक असते आणि तिला ठरावीक दिशा असते. एक दर्शक उत्तर वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो. अहवालात ती दिशा आणि तिचे कारण यायला हवे.

एक उदाहरण घेऊ. समजा ५० मिली पाणी ०.०२०० मोलार सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट केले. पोटॅशियम क्रोमेट दर्शक होता (मोहर पद्धत) आणि ब्युरेटचे सरासरी वाचन ८.४५ मिली आले. सरळ हिशेब केला तर क्लोराइड ११९.८ मिग्रॅ प्रति लिटर येते.

हे उत्तर जास्त आहे. लालसर तपकिरी सिल्व्हर क्रोमेट डोळ्यांना दिसावे म्हणून सगळे क्लोराइड संपल्यावरही थोडे सिल्व्हर घालावेच लागते. तुल्यबिंदूलाच क्रोमेटचा अवक्षेप सुरू व्हायचा तर क्रोमेटची संहती सुमारे ०.००६ मोलार हवी. पण तेवढ्या गडद पिवळ्या रंगात लाल छटा ओळखू येत नाही, म्हणून आपण त्याहून कमी क्रोमेट वापरतो आणि अंत्यबिंदू उशिरा येतो. यावर उपाय ब्लँकचा. तेवढ्याच आकारमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्यात तेवढाच दर्शक आणि क्लोराइडमुक्त कॅल्शियम कार्बोनेटची चिमूटभर पूड घालून तीच छटा येईपर्यंत टायट्रेट करा. पूड घालायची कारण खऱ्या नमुन्यात पांढरा अवक्षेप असतो, आणि त्या पार्श्वभूमीवरच रंगांची तुलना बरोबर होते. समजा ब्लँक ०.२० मिली आला. मग ८.२५ मिलीवरून उत्तर ११७.० येते. ब्लँक वगळला असता तर सव्वादोन टक्क्यांहून अधिक चूक राहिली असती.

मोहर पद्धतीत सामू साधारण ६.५ ते ९ च्या दरम्यान ठेवा. नमुना आम्लधर्मी असेल तर क्रोमेट आयन कमी होतात, लाल रंग आणखी लांबतो आणि उत्तर वाढते. फार अल्कधर्मी असेल तर तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड पडू लागते. फ्लास्कमध्ये लाल छटेऐवजी मळकट तपकिरी रंग दिसला की आधी सामू तपासा.

व्होलहार्ड पद्धतीत चूक बहुधा उलट्या दिशेने होते. याच नमुन्यात नायट्रिक आम्ल आणि २५.०० मिली सिल्व्हर नायट्रेट घालून उरलेले सिल्व्हर ०.०२०० मोलार थायोसायनेटने मोजले, दर्शक फेरिक अ‍ॅलम. थायोसायनेट १६.७५ मिली लागायला हवे होते, पण समजा १७.१० लागले. म्हणजे क्लोराइडच्या वाट्याला ७.९० मिलीच आले आणि उत्तर ११२.० झाले. कारण असे की सिल्व्हर थायोसायनेट हे सिल्व्हर क्लोराइडपेक्षाही कमी विरघळते. त्यामुळे जादा थायोसायनेट आधीच पडलेल्या क्लोराइडच्या अवक्षेपातून सिल्व्हर ओढून घेते. ओळखायची खूण सोपी आहे: आलेला लाल रंग फ्लास्क हलवताच फिका पडतो, तुम्ही अजून एक थेंब टाकता, तो पुन्हा फिका पडतो. तिथे थेंब घालत राहू नका. पुढच्या वेळी थायोसायनेट घालण्यापूर्वी सिल्व्हर क्लोराइड गाळून धुवून घ्या.

डायक्लोरोफ्लुरोसीन वापरून (फायान्स पद्धत) समजा ८.२७ मिली, म्हणजे ११७.३ आले. या पद्धतीत रंग अवक्षेपाच्या पृष्ठभागावर बदलतो. तुल्यबिंदूनंतर कणांवर सिल्व्हर आयन चिकटतात आणि दर्शकाचे ऋण आयन त्यांच्याकडे ओढले जाऊन गुलाबी छटा येते. म्हणून अवक्षेपाच्या गुठळ्या झाल्या की पृष्ठभाग कमी होतो आणि बदल अस्पष्ट दिसतो. थोडे डेक्स्ट्रिन घातल्यास कण सुटे राहतात. टायट्रेशन थेट उन्हात करू नका. दर्शक असताना सिल्व्हर क्लोराइड उजेडाने लवकर काळवंडते.

आता तुलना. ११७.० आणि ११७.३ पाहून ‘फायान्सने जास्त क्लोराइड दाखवले’ असे लिहू नका. ब्युरेटमध्ये ०.०५ मिलीचा फरक, म्हणजे जेमतेम एक थेंब, उत्तरात ०.७ मिग्रॅ प्रति लिटर हलवतो. हे दोन आकडे एकच मानायचे. ११२.० चा फरक मात्र त्या मर्यादेत बसत नाही, त्याचे कारण द्यावेच लागेल.

सिल्व्हर नायट्रेटची संहती सोडियम क्लोराइडवरून कोणत्या दर्शकाने ठरवली, हेही नोंदवा. प्रमाणीकरणात ब्लँक वजा केला नाही आणि नमुन्यात केला, तर संहती किंचित कमी निघते आणि उत्तरही खाली जाते. दोन्हीकडे ब्लँक वजा करा. आणि नमुन्यात ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल, तर या तिन्ही पद्धती त्यांनाही क्लोराइड म्हणूनच मोजतात. तिन्ही उत्तरे जुळली तरी ही चूक त्यातून दिसणार नाही.