बेंच जास्त असलेल्या आठवड्यात खांद्याचं प्रीहॅब घुसवायचंय? आधी एवढी तयारी करून ठेवा

प्रीहॅब म्हणजे दुखापत व्हायच्या आधीच, ती टाळायला करायचे हलके व्यायाम. त्यातलं पहिलं काम म्हणजे वही काढायची आणि मागच्या आठवड्याचे सेट मोजायचे, व्यायाम नंतर. अंदाजाने नाही, खरंच मोजायचे. माझ्या जिमपार्टनरचा आठवडा मोजला तेव्हा सोमवारी बेंच ५ आणि इनक्लाइन ४, बुधवारी ओव्हरहेड ५ आणि डिप्स ३, शुक्रवारी परत बेंच ४ आणि क्लोज ग्रिप ३, असे प्रेसचे २४ सेट निघाले. तो म्हणाला अरे पण मी शनिवारी पुल करतो ना, ११ सेट. बघितलं तर त्यात पुलअप ४, लॅट पुलडाउन ४ आणि रो फक्त ३. आता गंमत अशी की लॅट हा स्नायूसुद्धा दंड आतल्या बाजूला फिरवतो, छातीही तेच करते, त्यामुळे पुलडाउन केलं म्हणजे बेंचची भरपाई झाली असं होत नाही. बाहेरच्या बाजूला फिरवणारे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर हे दोघंच छोटे गडी, थोडी मदत मागच्या डेल्टची, आणि समोर छाती, लॅट, सबस्कॅप्युलॅरिस अशी सगळी फौज. म्हणून पुलमध्ये रो किती ते वेगळं लिहा.

मग खोडरबर घ्या. हे कोणालाच आवडत नाही पण आधी काहीतरी काढायचं आणि मग नवीन घालायचं, नाहीतर दोन आठवड्यांत प्रीहॅबच गळतं, कारण थकल्यावर माणूस बेंच सोडत नाही, रबर बँड सोडतो. वरच्या केसमध्ये आम्ही डिप्सचे ३ काढले आणि इनक्लाइन ४ वरून २ वर आणलं, प्रेस १९ वर आलं. त्या जागी सोमवारी आणि शुक्रवारी चेस्ट सपोर्टेड रोचे ३-३ सेट घातले, म्हणजे रो ३ वरून ९. बाकवर पोट टेकवून करायचा रो मुद्दाम निवडला, कारण शनिवारच्या डेडलिफ्टमुळे त्याची कंबर आधीच वैतागलेली असते. कोपर अंगापासून जरा लांब ठेवून ओढायचं आणि वर एक सेकंद थांबायचं, वजन इतकंच की ते थांबणं जमेल. झटका देऊन वर आणून लगेच सोडलं तर शोल्डर ब्लेडच्या मधले स्नायू कामच करत नाहीत, सगळं हातावर जातं.

सामान फार लागत नाही. एक टॉवेल, एक हलका डंबेल, झोपायला मॅट. १ किलोचा डंबेल नसेल तर १ लिटरची पाण्याची भरलेली बाटली चालते, साधारण तेवढंच वजन होतं आणि अर्धी रिकामी केली की अर्धा किलो, म्हणजे वजन वाढवायची पण सोय. बँडपेक्षा मला इथे डंबेल बरा वाटतो, कारण बँड शेवटी शेवटी सगळ्यात जास्त ताणतो आणि तिथेच हा स्नायू कमजोर असतो, मग लोक अंग वळवून शेवट गाठतात.

आता मुख्य व्यायाम नीट शिकून घ्या, हा एकच नीट जमला तरी अर्धं काम झालं. डाव्या कुशीवर झोपायचं, उजवं कोपर ९० अंशात वाकवून कमरेच्या वर बरगडीला लावायचं, आणि मध्ये टॉवेलची गुंडाळी, साधारण मुठीएवढी जाड. मुठीतला डंबेल पोटासमोर खाली, तिथून हात बिजागरीसारखा वर फिरवायचा, जमिनीला समांतर झाला की त्याच्या जरा वर जाऊन थांबायचं, छताकडे सरळ न्यायची गरज नाही. वर जाताना दोन सेकंद, खाली येताना तीन. टॉवेल हीच इथली परीक्षा आहे, तो निसटून पडला म्हणजे कोपर अंगापासून सुटलं आणि मागच्या डेल्टने काम हिसकावलं. दुसरी खूण मनगट, ते मागे मोडायला लागलं की वजन जास्त आहे. तिसरी, छाती छताकडे वळायला लागते. मी स्वतः सुरुवातीला मोठ्या रुबाबात ५ किलो घेऊन करायचो आणि महिनाभर फक्त कंबर फिरवली, खांद्याला काही कळलंच नाही, १ किलोवर आलो तेव्हा बाराव्या रेपला खांद्याच्या मागे खोल अशी जळजळ पहिल्यांदा जाणवली. ती जळजळ मागच्या बाजूला यायला हवी, पुढे बोचायला लागलं तर सेट थांबवा.

सुरू करायच्या आधी दोन्ही बाजूंची चाचणी घेऊन लिहून ठेवा. एकाच वजनाने टॉवेल न पडता किती रेप येतात तेवढंच. पार्टनरचे २ किलोने उजवीकडे १५ आले आणि डावीकडे ९, आणि बेंचला बार नेहमी डावीकडे का कलतो याचं एक कारण तरी समोर आलं. मग डावी बाजू आधी करायची आणि उजवीला तितकेच रेप द्यायचे, जास्त नाही.

याच्या जोडीला फक्त स्कॅप्युलर पुशअप घेतले. कोपर सरळ ठेवून छाती खाली सोडायची आणि मग जमीन ढकलून पाठ वर न्यायची, बस, कोपर वाकलं की तो साधा पुशअप झाला. बेंचवर आपण शोल्डर ब्लेड दाबून धरतो, त्यामुळे सेरेटस अँटेरियर या बरगड्यांवरच्या स्नायूला ब्लेड पुढे सरकवायची संधीच मिळत नाही, आणि ओव्हरहेडच्या दिवशी हात वर जाताना ब्लेड फिरवायला तोच लागतो.

दिवस कुठले ते आधीच ठरवा आणि इथे चूक होते. जड बेंचच्या आधी रोटेटर कफ, म्हणजे इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर वगैरे खांद्याभोवतीच्या छोट्या स्नायूंचा गट, दमवायचा नाही, कारण दंडाचा गोळा खोबणीत मध्यभागी धरून ठेवायचं काम तोच करतो, त्यालाच थकवून बारखाली झोपणं म्हणजे चौकीदाराला जागवून जागवून रात्रपाळीला पाठवणं. आधी फक्त वॉर्मअप म्हणून हलक्या बँडचा एक सेट, १० रेप, आणि खरे सेट प्रेस झाल्यावर. आम्ही सोमवार आणि शुक्रवार ठेवले, बुधवारच्या ओव्हरहेडला मध्ये एक दिवस मिळतो. पहिले दोन आठवडे प्रत्येक बाजूला २ सेट १२ रेप, मग १५, मग तिसरा सेट, आणि तिन्ही सेटला १५ स्वच्छ आले तरच अर्धा किलो वाढवायचं. फेलपर्यंत कधीच नाही, दोन-तीन रेप शिल्लक ठेवून थांबायचं. रो धरला नाही तर सगळं १० ते १२ मिनिटांत होतं.

आणि एक ओळ वहीच्या शेवटी लिहून ठेवा, दुखणं कसलं ते. हात बाजूने वर नेताना साधारण मधल्या टप्प्यात दंडाच्या बाहेरच्या बाजूला दुखतं आणि वर गेल्यावर कमी होतं, किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, तर हे प्रीहॅबचं प्रकरण राहिलेलं नाही, त्या आठवड्यात प्रेसचं वजन उतरवा आणि फिजिओला दाखवा. पडल्यावर किंवा एखाद्या रेपला कट असं होऊन हात उचलताच येत नसेल, किंवा बोटांत मुंग्या येत असतील तर फिजिओ पण नंतर, आधी डॉक्टर.

पार्टनरचा आता पाचवा आठवडा चालू आहे, डावीकडे २ किलोने १३ येतात, डिप्स अजून मागतोय, मी म्हटलं १५ आले की बोलू.